मॅनेजरच्या वरच्या साहेबांकडे कामाच्या लोडबद्दल पंधरा मिनिटं मागायची असतील तर

ऑफिसात एका शब्दाने माणसाचं नाव खराब होतं: परस्पर. "परस्पर सरांकडे गेली" हे एकदा कानावर आलं की पुढे तक्ता किती चोख होता, बोलणं किती नम्र होतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून वरच्या साहेबांची भेट मागताना खरं काम भेटीच्या आधीच होतं. आपल्या मॅनेजरला आधी कळलेलं असणं, त्यांचं नाव निरोपात असणं, आणि वर मागायची गोष्ट खरोखर वरचीच असणं. या तिन्ही गोष्टी जमल्या तर कनिष्ठ माणसानेही वर जायला हरकत नसते.

हे सगळं एका उदाहरणाने पाहू. चाकणजवळचा गाड्यांचे सुटे भाग करणारा मध्यम कारखाना. अकाउंट्समध्ये दोन वर्षं काम केलेली एक असिस्टंट. तिच्यावर अकाउंट्स मॅनेजर, त्या मॅडम. मॅडमच्या वर फायनान्स हेड, ते सर. एप्रिलमध्ये शेजारच्या टेबलावरचा सहकारी सोडून गेला, जागा भरली नाही, आणि त्याचं काम "सध्यापुरतं" हिच्याकडे आलं. जुलै उजाडला तरी सध्यापुरतं संपलेलं नाही.

आधी ठरवा: हा निर्णय कोणाच्या हातातला आहे?

"लोड जास्त आहे" या तक्रारीतून चार-पाच वेगवेगळ्या मागण्या निघू शकतात. कामाचा क्रम बदलणं, एखादं काम टीममध्ये दुसऱ्याला देणं, एखादा अंतर्गत रिपोर्ट दोन दिवस उशिरा घेणं, हे मॅडम स्वतः करू शकतात. त्यासाठी सरांकडे जाणं म्हणजे मॅडमना जमत नाही असं सांगणं, आणि सरही तेच ऐकतात.

रिकामी जागा भरणं, तीन महिन्यांसाठी कंत्राटी माणूस घेणं, विक्री विभागाला बिलं वेळेत पाठवायला लावणं, ही कामं मॅडमच्या हातात नसतात. पहिल्या दोन गोष्टींना खर्चाची मंजुरी लागते, तिसरीला दुसऱ्या विभागप्रमुखाशी बरोबरीने बोलणारा माणूस लागतो. भेट मागायची ती यासाठीच. सरांनी काय केलं म्हणजे आपलं काम होईल, ते एका वाक्यात लिहून पाहा. त्या वाक्यात "सरांनी" च्या जागी "मॅडमनी" घालूनही अर्थ लागत असेल, तर भेट अजून मागू नका.

तक्ता: महिन्याचे तास नव्हे, अडकलेल्या तारखा

दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून कोणत्या कामाला किती वेळ गेला ते वहीत लिहा. अर्ध्या तासाच्या हिशेबाने पुरे. आठवणीवर लिहिलेले तास नेहमी फुगतात, आणि समोर फायनान्सचा माणूस असेल तर ते त्याला लगेच कळतं.

आपल्या उदाहरणातल्या असिस्टंटचं मूळ काम असं निघालं: महिन्याला सुमारे ४५० खरेदी बिलांची नोंद, एका बिलाला सरासरी ८ मिनिटं, म्हणजे ६० तास. बँकेची पेमेंटं आणि बँकेचा मेळ रोज दीड तास, व्हेंडरचे फोन आणि खात्यांची चौकशी रोज एक तास. कारखान्याला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे महिन्याला २६ दिवस धरले तर ही दोन कामं मिळून ६५ तास. जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणाऱ्या २बी या यादीशी खरेदी जुळवायला २५, महिनाअखेरच्या रिपोर्टला २०, किरकोळ १८. एकूण १८८. रोज ८ तास धरून महिन्यात २०८ तास मिळतात, तेव्हा हे बसत होतं. सहकाऱ्याकडून आलेलं काम: विक्रीची नोंदवही आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राला ३० तास, टीडीएसला १४, ग्राहकांकडच्या येणे रकमांच्या पाठपुराव्याला २४. म्हणजे आणखी ६८. बेरीज २५६, कमी पडतात ४८ तास.

बहुतेक जण इथे थांबतात आणि "मला ४८ तास कमी पडतात" हा आकडा घेऊन वर जातात. हा आकडा दुबळा आहे. समोरचा सहज म्हणतो, "म्हणजे रोजचे दोन तास जास्त. आम्हीही थांबायचो." त्यावर उत्तर नसतं.

खरी अडचण तारखांत असते. टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, जीएसटीआर-१ ची मुदत ११. महिनाअखेरचा रिपोर्ट सरांना ५ तारखेला हवा असतो. महिन्याच्या २ आणि ९ तारखेला गुरुवार आला, तर १ ते ११ मध्ये कामाचे दिवस ९, म्हणजे ७२ तास. आणि त्यात करायचं काय? टीडीएस १४, जीएसटीआर-१ चे ३०, रिपोर्ट २०, बँक आणि व्हेंडर रोजचे अडीच तास धरून साडेबावीस. झाले साडेशहाऐंशी. या ९ दिवसांत एकही खरेदी बिल नोंदवलं गेलेलं नाही आणि तरीही साडेचौदा तास कमी आहेत.

आता सरांच्या बाजूने पाहा. १४ तारखेला २बी तयार होते. तोवर बिलं पुस्तकात चढलेली नसतील तर जुळवायचं कशाशी? २० तारखेला जीएसटीआर-३बी या विवरणपत्राबरोबर कर भरताना मग इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अंदाजाने घ्यायचं, किंवा पुढच्या महिन्यावर ढकलायचं आणि तेवढा कर रोखीने भरायचा. लघुउद्योगांची बिलंही त्याच ढिगात असतात. त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि बिल नोंदवलंच नाही म्हणून ते दिवस मोजायचे थांबत नाहीत. "मी दमले" या वाक्याची सरांना सहानुभूती वाटेल. "बिलांची नोंद १२ तारखेला सुरू होते आणि २बी १४ ला येते" या वाक्यावर मात्र त्यांना काहीतरी करावं लागेल.

हा तक्ता एका पानात बसवा: वर १ ते ११ तारखा, खाली कामं, शेवटी उपलब्ध तास आणि लागणारे तास. त्याखाली आपली एकच मागणी. कोणाचं नाव नको, कोणामुळे झालं तेही नको.

मॅडमशी बोलणं, आणि त्यांच्याकडून वाट मोकळी करून घेणं

दिवस निवडताना ११ तारीख उलटू द्या. ६ तारखेला टीडीएसच्या चलनात बुडालेल्या मॅनेजरला हा विषय सांगितला तर उत्तर "नंतर बघू" हेच येणार, आणि तो नकार नसूनही तुम्हाला नकार वाटणार. १३ तारखेच्या सुमारास दहा मिनिटं मागा. तक्ता त्यांना आधी दाखवा. जो कागद सरांसमोर जाणार आहे, तोच आणि तसाच.

सुरुवात अशी करता येते: "मॅडम, एक ते अकरा तारखांचा हिशेब मांडून पाहिला. माझं काही चुकत असेल तर सांगा." मग गप्प बसून त्यांना वाचू द्या. त्या एखादा आकडा खोडतील, तो मान्य करून दुरुस्त करा. मॅडमनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेला तक्ता पुढे त्यांचाही होतो.

बहुतेक वेळा मॅडम म्हणतात, "मला कळतंय गं, पण जागेची मंजुरी वरून येत नाही." वर जायचा रस्ता या वाक्यातून निघतो. लगेच "मग मी सरांशी बोलू?" असं म्हणू नका, त्यात घाई दिसते. असं म्हणा: "तुम्ही हा विषय सरांकडे न्याल तेव्हा तक्ता समजावायला मी आले तर चालेल का? पंधरा मिनिटं. किंवा तुम्हाला योग्य वाटत असेल तर वेळ मी मागते, तुम्ही असालच." विषय नेणाऱ्या त्या, तक्ता समजावणाऱ्या तुम्ही. हा क्रम बोलण्यातच असू द्या.

त्यांची उत्तरं तीन प्रकारची येतात. "मी येते बरोबर" हे सर्वात चांगलं. "तू बोल, मी सरांना सांगून ठेवते" हेही चालेल, पण त्यांनी खरंच सांगितलं का याची खात्री करूनच निरोप पाठवा. दुसऱ्या दिवशी सहज विचारा, "सरांच्या कानावर घातलंत का? म्हणजे मी मेल करते."

तिसरं उत्तर अवघड: "आत्ता नको." इथे दुखावून न जाता एकच गोष्ट मागा, तारीख. "चालेल मॅडम. महिनाअखेरीआधी एकदा बोलू या का, पंचवीसला?" आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींचा साधा मेल करा: आज बोललो, तक्ता सोबत जोडला आहे, २५ तारखेला पुन्हा बोलायचं ठरलं आहे. हा मेल पुरावा जमवल्यासारखा वाटू नये. "आठवणीसाठी पाठवते" एवढ्यावर थांबवा. २५ ला पुन्हा विचारा. दोनदा तारीख उलटली आणि काही हाललं नाही, तर तिसऱ्या वेळी सरळ आणि समोरासमोर सांगा: "मॅडम, तुमची हरकत नसेल तर मी सरांना वेळ मागते आणि तुम्हाला कॉपीत ठेवते." त्यावर स्पष्ट "नाही" आलं तर मेल पाठवू नका. तेव्हा एचआरला भेटून, जागा भरण्याची प्रक्रिया कुठे आहे एवढंच विचारणं हा रस्ता उरतो, आणि तेही मॅडमना सांगून. कारखान्यात सर लिफ्टपाशी भेटतात, जेवणाच्या टेबलावर भेटतात. तिथे गाठून बोलायचा मोह होतो. ते परस्परच ठरतं.

(हे सगळं कामाच्या बोज्यापुरतं आहे. मॅनेजरच अपमान करत असतील, त्रास देत असतील किंवा खोट्या नोंदी करायला सांगत असतील, तर त्यांची संमती घेत बसायचं नसतं. त्या तक्रारीची वाट वेगळी.)

निरोप: चार गोष्टी, एक कॉपी

मेलच करा. व्हॉट्सअॅपवर कॉपीत कोणाला ठेवता येत नाही, त्यामुळे तिथला निरोप कितीही सरळ असला तरी मॅडमच्या नजरेआड गेलेला असतो. सर व्हॉट्सअॅपवरच बघत असतील तर मेल पाठवून "सर, एक मेल केला आहे" एवढंच तिथे लिहा.

```
प्रति: सर
कॉपी: मॅडम
विषय: १ ते ११ तारखांच्या अकाउंट्सच्या कामाबद्दल १५ मिनिटं

आदरणीय सर,

मी अकाउंट्समध्ये ... मॅडमच्या हाताखाली खरेदी बिलं आणि
जीएसटीचं काम पाहते. एप्रिलपासून रिकाम्या असलेल्या जागेचं
काम माझ्याकडे आहे आणि १ ते ११ तारखांत खरेदी बिलांची
नोंद मागे पडते आहे.

याबद्दल १३ तारखेला मॅडमशी सविस्तर बोलले. जागेचा निर्णय
आपल्याकडे असल्याने आपल्यासमोर मांडावं, असं त्यांच्याशी
बोलूनच ठरलं.

२२ किंवा २४ तारखेला दुपारी ४ नंतर १५ मिनिटं मिळतील का?
मॅडमही असतील, एक पानी तक्ता आणते.

आपली,
...
```

पाठवण्याआधी मसुदा मॅडमना दाखवा. त्यांनी एखादा शब्द बदलला तर बदलू द्या.

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते पाहण्यासारखं आहे. "मॅडमच्या हाताखाली" हे पहिल्याच वाक्यात येतं, म्हणजे तुम्ही कोणाचं माणूस आहात हे वाचता वाचता कळतं. "त्यांच्याशी बोलूनच ठरलं" यातला "च" जपून ठेवा, सगळा मेल त्यावर उभा आहे. त्याऐवजी "मॅडमना कल्पना आहे" लिहिलं तर अर्थ फिरतो. कल्पना असणं आणि संमती असणं यात फरक आहे, आणि सर तो ओळखतात. "मॅडमना सांगूनही काही झालं नाही" हे तर तक्रारीचं वाक्य, मग ते खरं असलं तरीही. "खरेदी बिलांची नोंद मागे पडते आहे" यात कर्ता काम आहे, माणूस नाही.

विषयाच्या ओळीत "तातडीचं", "वैयक्तिक", "गोपनीय" हे शब्द नकोत. कनिष्ठ माणसाकडून असा विषय आला की सरांना राजीनामा किंवा भांडण दिसतं, आणि ते मेल उघडायच्या आधी मॅडमना फोन करतात. तक्ता मेलला जोडू नका. जोडलात तर सर भेटीऐवजी मेलवरच उत्तर देतील, आणि कागदावर एका ओळीत आलेला नकार पुन्हा उघडणं फार कठीण जातं.

तारखा २० नंतरच्या दिल्या आहेत, कारण तोवर ३बी भरून झालेली असते आणि महिनाअखेर अजून लांब असते. ऑफिसचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर मेल इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा: मी कोणाच्या हाताखाली, काय अडलंय, कोणाशी बोलून ठरलं, किती वेळ हवा.

सरांच्या सेक्रेटरीने "काम काय आहे?" विचारलं तर विषयाची ओळ जशीच्या तशी सांगा. आणि सरांनी वाटेतच थांबवून "काय गं, काय बोलायचं होतं?" म्हटलं तर गडबडून सगळं ओतू नका. "सर, रिकाम्या जागेच्या कामाचा तक्ता मॅडम आणि मी दाखवणार आहोत, उभ्या उभ्या नीट सांगता येणार नाही." बस्स.

पंधरा मिनिटं

पहिली दोन मिनिटं कागद त्यांच्यासमोर ठेवून शांत बसण्यात जाऊ द्या. फायनान्सचा माणूस आधी बेरीज तपासतो, त्याला तपासू द्या. मग साधारण तीन मिनिटांत सांगा: या तारखांत एवढं काम येतं, एवढे तास आहेत, त्यामुळे बिलांची नोंद १२ ला सुरू होते. त्यानंतर मागणी. मागणीला पर्याय जोडलेला असावा. "जागा भरायला वेळ लागणार असेल तर तोवर दर महिन्याला १ ते ११ साठी बिलांच्या नोंदीला एक जण मिळाला तरी चालेल." पूर्ण जागेला नाही म्हणणारे साहेब पुष्कळदा या नऊ दिवसांच्या माणसाला हो म्हणतात, कारण त्यासाठी त्यांना कोणाची मंजुरी लागत नाही.

उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांचा. "आधीचा मुलगा हे कसं करायचा?" हा हमखास येतो. उत्तर: "सर, तो होता तेव्हा खरेदी बिलं त्याच्याकडे नव्हती, ती माझ्याकडे होती. तेव्हा दोन टेबलं होती." दुसरा प्रश्न: "मॅडमचं काय म्हणणं?" मॅडम खोलीत असतील तर त्यांच्याकडे पाहा आणि त्यांना बोलू द्या. नसतील तर "तक्ता त्यांनी तपासलाय, बाकी त्या सांगतील" एवढंच. तिसरा, जरा अडचणीत टाकणारा: "टीममध्ये कोणाकडे काम कमी आहे?" इथे चुकूनही नाव घेऊ नका. कामाची वाटणी मॅडमचं क्षेत्र आहे. "ते मला पूर्ण दिसत नाही सर, मॅडमना माहीत आहे."

कधी सर जागच्या जागी हुकूम देतात: "उद्यापासून येणे रकमांचा पाठपुरावा तू करू नकोस, विक्रीवाले करतील." ऐकायला गोड वाटतं. पण मॅडम खोलीत नसतील तर ते काम लगेच सोडू नका. "चालेल सर, मॅडमना आज सांगते, त्यांनी वाटून दिलं की त्याप्रमाणे करते." ग्राहकाचे पैसे राहिले आणि मॅडमना वाटलं तुम्ही करताय, सरांना वाटलं विक्रीवाले करताहेत, असं झालं तर दोष तुमच्याकडेच येतो.

पंधरा मिनिटं झाली की उठा. सरांनी बसवून घेतलं तर बसा, पण कागद मात्र आपण आवरायला घ्या.

त्याच दिवशी, आणि नंतर

मॅडम भेटीत नव्हत्या तर सरांच्या केबिनमधून सरळ त्यांच्या टेबलापाशी जा. सर त्यांना फोन करण्याआधी तुम्ही पोचायला हवं. काय बोललात, सरांनी काय विचारलं, काय म्हणाले, सगळं सांगा, न आवडणारंही. मग संध्याकाळी मॅडमना मेल, सर कॉपीत: "आज ठरलेलं असं समजले, काही राहिलं असेल तर सांगा." आधीच्या मेलमध्ये सर वर आणि मॅडम कॉपीत होत्या. आता उलट. काम पुन्हा आपल्या जागेवरून सुरू झालं, हे त्या दोन रकान्यांवरून सगळ्यांना दिसतं.

काहीतरी बिनसलंय हे कसं ओळखायचं? मॅडम साध्या कामाच्या मेललाही सरांना कॉपीत घ्यायला लागल्या, तोंडी सांगायच्या गोष्टी लेखी सांगायला लागल्या, किंवा "तुला सरांनाच विचारावं लागेल ना" असं कोणासमोर म्हणाल्या, तर त्यांना डावललं गेल्यासारखं वाटतंय. आठवडा जाऊ देऊ नका. एकट्या असताना विचारा: "मॅडम, त्या भेटीत माझ्याकडून तुम्हाला न आवडलेलं काही झालं का?" उत्तर ऐकून घ्या, खुलासा करायची घाई करू नका. पुष्कळदा कारण छोटं असतं. सरांनी त्यांना एखादा आकडा विचारला आणि तो त्यांच्याजवळ नव्हता, इतकंच.

सरांनी "बघतो" म्हटलं आणि पुढची ११ तारीखही तशीच गेली, तर सरांना दुसरा मेल पाठवू नका. नव्या महिन्याचा तक्ता त्याच रकान्यांत भरा, मागच्या महिन्याचे आकडे शेजारी ठेवा, आणि तो मॅडमच्या हातात द्या. आता तो त्या वर नेतील.